सहा लाखांचं वाटलेलं लग्न दहा लाखांना कसं पडलं: नाशिकमधल्या एका लग्नाचा हिशेब, आहेराच्या वहीसकट

लग्न होऊन तिसऱ्या दिवशी वधूपित्याने कागदावर तीन आकडे मांडले. आपल्या हातून गेलेले ११,९१,४३०. आहेराच्या पेटीत निघालेले ३,५८,२१४. व्याह्यांकडून त्यांच्या वाट्याचे यायचे २,१८,४६५. पहिल्यातून दुसरे दोन वजा केले आणि उत्तर आलं ६,१४,७५१. महिनाभराने पौषात, लग्नसराई थांबलेली असताना, तोच हिशेब वहीवरून पुन्हा केला तेव्हा खरं उत्तर ९,९९,५५१ निघालं. पावणेचार लाखांहून मोठा हा फरक कोणी पैसे खाल्ले म्हणून पडला नव्हता. प्रत्येक रुपया घरातच होता, पण चुकीच्या रकान्यात होता. तो कोणत्या सहा जागी चुकला, हे इथे एकेक करून पाहू. घर आणि आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत. चुका मात्र जवळपास प्रत्येक लग्नघरात होतात त्याच आहेत.

लग्न मार्गशीर्षातलं. मुलीकडचे इंदिरानगरचे, मुलाकडचे सिन्नरचे, कार्य गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर. बोलणी ठरताना दोन्ही घरांनी स्पष्ट केलं होतं की कार्यालय, जेवण आणि सजावट निम्मं-निम्मं, बाकी ज्याचं त्याने. आहेरही ज्याचा त्याने ठेवायचा. हे शेवटचं वाक्य बैठकीत बोलून घेणं गरजेचं असतं, कारण निम्म्या खर्चाच्या लग्नात निम्म्या आहेराची अपेक्षा कोणाच्या तरी मनात असतेच.

सामायिक खर्च आणि ताटांची मोजणी

आधी निम्म्या-निम्म्याचा भाग घेऊ, कारण तो सरळ दिसतो आणि तसा नसतो.

लॉन्सचं भाडं दीड लाख ठरलं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,७७,००० झाले. केटररशी ताटाला ५५० रुपये आणि किमान ५०० ताटं असा सौदा होता. केटररने कार्य संपल्यावर ६५५ ताटं सांगितली. इथे मुलीच्या मामांनी सकाळीच एक काम केलं होतं. जेवण सुरू होण्याआधी आचाऱ्याच्या मुकादमाला सोबत घेऊन ताटांच्या चळती मोजल्या होत्या: ८००. शेवटची पंगत उठल्यावर न वापरलेल्या चळती पुन्हा मोजल्या: १८८. म्हणजे लागली ६१२. दोन्ही वेळचे आकडे एका कागदावर लिहून त्यावर मुकादमाची आणि मुलाकडच्या एका काकांची सही होती. त्रेचाळीस ताटांचे, करासकट जवळपास पंचवीस हजार रुपये त्या कागदाने वाचवले. बुफेत ताट दोनदा घेणारे लोक, बँडवाले, ड्रायव्हर, फोटोग्राफरची माणसं हे सगळे या ६१२ मध्ये येतात, त्यामुळे पाहुण्यांच्या यादीशी हा आकडा जुळवत बसू नये. तो जुळत नाही.

लग्नाचं जेवण, आदल्या रात्रीचं हळदीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून, ५ टक्के करासकट, ३,८४,९३० झाले. सजावट आणि साउंड ९५,०००. राहिली लॉन्सची अनामत. ती ५०,००० भरली होती. कार्यानंतर मीटरप्रमाणे लाइट बिल १३,२०० आणि सफाईचे ५,००० कापून ३१,८०० परत आले, पण तीन आठवड्यांनी. वधूपित्याच्या तिसऱ्या दिवसाच्या कागदावर पन्नासच्या पन्नास हजार खर्चात गेले होते आणि त्यातले निम्मे व्याह्यांच्या नावावर लागले होते. पहिली चूक ही. परत आलेल्या ३१,८०० मधले निम्मे, म्हणजे १५,९००, व्याह्यांचे आहेत.

उपाय साधा आहे. अनामत भरताना पूर्ण रक्कम लिहायची, आणि परत आली की त्याच रकान्यात वजा चिन्हाने लिहायची. संगणकावर किंवा मोबाइलवर शीट ठेवली असेल, दिलेली रक्कम E रकान्यात, कोणी दिली ते F मध्ये आणि खर्च सामायिक की आमचा ते G मध्ये असेल, तर व्याह्यांकडून येणं एका ओळीत निघतं:

```
=SUMIFS(E:E,G:G,"सामायिक",F:F,"आम्ही")-SUMIFS(E:E,G:G,"सामायिक")/2
```

या लग्नात सामायिक खर्च एकूण ६,७५,१३० झाला. त्यातले ५,४०,१३० मुलीकडच्यांनी दिले होते, १,३५,००० मुलाकडच्यांनी. प्रत्येकाचा वाटा ३,३७,५६५. म्हणजे व्याह्यांकडून यायचे २,०२,५६५. आधी वाटले होते तेवढे नाहीत.

केटररचं पूर्ण बिल रोखीत देऊन मोकळं व्हावं असं वधूपित्याच्या मनात होतं. ते जमत नाही. २०१७ पासून आयकर कायद्याप्रमाणे एका प्रसंगाच्या व्यवहारांसाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हळदीचे वेगळे आणि लग्नाचे वेगळे असे दोन दिवसांत तुकडे करूनही सुटका नाही, कारण प्रसंग एकच. दंड घेणाऱ्याला बसतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असतो, म्हणून जाणते केटरर स्वतःच नकार देतात. हिशेबाच्या दृष्टीने हे बरंच आहे. बँकेतून गेलेला पैसा वहीत लिहायचा राहिला तरी सापडतो.

पेटीतलं तपकिरी पाकीट

आता सर्वांत धोक्याची गफलत. लग्नाच्या दिवशी दुपारी नवऱ्या मुलाच्या काकांनी लॉन्सच्या फाटकाजवळ मुलीच्या काकांच्या हातात एक जाड तपकिरी पाकीट दिलं. गर्दी होती, अक्षता पडायला दहा मिनिटं होती, काकांनी ते सांभाळून आहेराच्या पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पाकिटं फोडताना त्यात १,५०,००० निघाले आणि वहीत ‘सिन्नरकर व्याही, आहेर’ असं लागलं. खरं तर तो सामायिक खर्चातल्या त्यांच्या वाट्याचा हप्ता होता. वधूपित्याने एकाच पैशाला दोनदा मोजलं होतं: एकदा आहेर म्हणून वजा, आणि पुन्हा व्याह्यांकडून पूर्ण येणं म्हणून वजा. हा कागद तसाच व्याह्यांकडे गेला असता तर मुलगी सासरी जाऊन आठवडा व्हायच्या आत दोन घरांत १,६५,९०० रुपयांचा वाद उभा राहिला असता, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असते.

ते ओळखता आलं असतं का? हो, तीन खुणांवरून. पाकिटावर क्रमांक नव्हता. आत पाचशेच्या नोटांच्या तीन गड्ड्या होत्या, शंभर-शंभर नोटांच्या, बँकेची पट्टी न तोडलेल्या. आणि वर एक रुपया नव्हता. आपल्याकडे आहेर १०१, ५०१, १,००१, २,१०० असा येतो. अगदी जवळचा नातेवाईकही बिदागी दिल्यासारखा गोल आकडा सहसा देत नाही. शेवटी रुपया किंवा शंभर नसलेली मोठी रक्कम दिसली की वहीत चढवण्याआधी देणाऱ्याला फोन करून विचारावं.

क्रमांकाची पद्धत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आहेराचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. आहेराच्या टेबलावर दोघं बसतात. एक जण पाकीट घेतो आणि नाव, गाव आणि नातं विचारतो. दुसरा वहीत ओळ लिहितो आणि ओळीचाच क्रमांक पेनाने पाकिटावर टाकतो. पाकीट तिथे उघडायचं नाही. या लग्नाच्या वहीतल्या ओळी अशा होत्या:

४१. पाटील (सिडको, जुने शेजारी) – पाकीट
४२. कुलकर्णी (बाबांच्या ऑफिसातले) – पाकीट
४३. आत्याबाई, निफाड – पाकीट + नऊवारी

कंसातला मजकूर सर्वांत मोलाचा. नुसतं ‘पाटील परिवार’ लिहिलं तर दोन वर्षांनी कोणते पाटील हे कोणालाही सांगता येत नाही, आणि नाशिकच्या कोणत्याही लग्नात सात-आठ पाटील सहज असतात.

स्टेजवर फोटो काढताना थेट नवरा-नवरीच्या हातात दिलेली पाकिटं करवलीच्या पिशवीत जातात. त्यांच्यावर क्रमांक पडत नाही. म्हणून पिशव्या दोन ठेवाव्यात, नवरीकडच्या करवलीची वेगळी आणि नवऱ्याकडच्या करवलीची वेगळी, आणि फोडताना त्या पाकिटांना ‘स्टेज १, स्टेज २’ असे वेगळे क्रमांक द्यावेत. पाकिटं दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून फोडावीत: एकाने फोडून रक्कम मोठ्याने म्हणावी, दुसऱ्याने लिहावी, तिसऱ्याने नोटा लावाव्यात. रिकामी पाकिटं बेरीज जुळेपर्यंत फेकू नयेत. इथे वहीची बेरीज रोकडीपेक्षा पाचशेने जास्त येत होती. अर्धा तास शोधल्यावर १४३ नंबरच्या रिकाम्या पाकिटावर देणाऱ्याच्याच अक्षरात ‘५०१/-’ सापडलं. वहीत ते १,००१ लिहिलं गेलं होतं. पाकीट कचऱ्यात गेलं असतं तर संशय फोडणाऱ्यांवर आला असता.

व्याह्यांचे दीड लाख बाजूला काढल्यावर पेटीत खरा रोख आहेर उरला २,०८,२१४.

मोबाइलवर आलेला आहेर

टेबलावर क्यूआर कोडही ठेवला होता, तो मुलीच्या भावाच्या खात्याचा. त्यावर ४६,५०० आले आणि तिसऱ्या दिवशीच्या कागदावर त्यातलं काहीच नव्हतं, कारण भाऊ पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर होता. हे पैसे शोधायला त्याच्या खात्याचा उतारा लग्नाच्या दोन दिवस आधीपासून पंधरा दिवस नंतरपर्यंत काढावा लागला, कारण न आलेले लोक पत्रिकेचा फोटो पाहून नंतर पाठवतात. उताऱ्यात दिसणारी नावं पत्रिकेवरच्या नावांशी जुळत नाहीत. वहिनींचा आहेर मुलाच्या नंबरवरून येतो, दुकानदाराचा त्याच्या दुकानाच्या नावाने. आणि त्यातच एका मित्राने परत केलेले सहलीचे पैसेही होते, जे आहेरात मोजले जाणार होते.

कोड ठेवायचाच तर तो मुलीच्या स्वतःच्या खात्याचा ठेवावा. याला कराचंही कारण आहे. लग्नानिमित्त वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, देणारा कोणीही असो आणि रक्कम कितीही असो. ही सूट फक्त त्या दोघांना आहे. आई-वडिलांच्या किंवा भावाच्या नावाने आलेल्या आहेराला ती लागू होत नाही. त्यांना कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांहून जास्त भेटी आल्या तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. सख्खे भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी नातेवाइकांत येतात. वडिलांचा चुलतभाऊ किंवा आतेभाऊ येत नाही, शेजारी आणि ऑफिसातले तर नाहीतच.

मुलीचं ते मुलीचं

रोख आणि मोबाइलवरचा मिळून आहेर झाला २,५४,७१४. वधूपिता हा सगळा खर्चातून वजा करायला निघाला होता. इथे चौथी चूक आहे, आणि ही केवळ हिशेबाची नाही.

यातले ७१,२०० मुलीच्या मैत्रिणींनी, तिच्या ऑफिसातल्यांनी आणि पाकिटावर तिचंच नाव घालून काही नातेवाइकांनी दिले होते. ते तिचं स्त्रीधन आहे. लॉन्सचं भाडं वडिलांनी भरलं म्हणून मुलीच्या मैत्रिणींचा आहेर त्यात वळता करता येत नाही. मुलीने आपखुशीने दिला तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही वहीत तो ‘मुलीकडून’ असाच लागला पाहिजे. हा वाटा करायला पाकिटावरचं नाव पुरेसं असतं. नाव मुलीचं किंवा वडिलांचं, कोणाचंच नसेल तर देणारा कोणाचा ओळखीचा, हे पाहावं.

भेटींची यादी ठेवणं कायद्यालाही अपेक्षित आहे, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या भेटींची एक यादी आणि वराला मिळालेल्या भेटींची दुसरी यादी लेखी ठेवायची असते. प्रत्येक भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातेवाईक असेल तर नातं लिहायचं, आणि यादीवर वधू-वर दोघांनी सही करायची. आहेराची वही वरच्या पद्धतीने लिहिलेली असेल तर तिच्यावरून ही यादी एका दुपारी तयार होते. ती प्रत मुलीसोबत सासरी जावी.

वस्तूंचं काय? चार डिनर सेट, तीन भिंतीवरची घड्याळं, साड्या, चांदीची नाणी. यांची किंमत यादीत लिहावी, पण खर्चातून वजा करू नये, कारण चौथ्या डिनर सेटने कोणाचाही खर्च वाचवलेला नसतो. मामांनी दिलेली गॅस शेगडी आणि कुकर यांनी मात्र खरंच वाचवला, कारण त्या दोन वस्तू रुखवताच्या खरेदीतून आधीच काढून टाकल्या होत्या. पण म्हणजेच तो फायदा खर्चाच्या कमी झालेल्या आकड्यात अगोदरच आलेला आहे. पुन्हा वजा केला तर दोनदा होतो.

मुलीचे बाजूला काढून घराच्या वाट्याचा आहेर राहिला १,८३,५१४. त्यात कायद्याच्या व्याख्येबाहेरच्या लोकांचे ३८,००० होते, म्हणजे कराची मर्यादा ओलांडली नव्हती.

आईच्या पाटल्या आणि किरकोळ खर्च

उरलेल्या दोन चुका खर्चाच्या बाजूच्या. सराफ बाजारातून मुलीसाठी घेतलेल्या दागिन्याचं बिल ३,४०,००० होतं. आईच्या जुन्या पाटल्या मोडीत देऊन त्यातले १,९५,००० वळते झाले आणि चेक गेला १,४५,००० चा. कागदावर चेकचीच रक्कम चढली. घरातून मात्र पूर्ण ३,४०,००० गेले. फक्त त्यातला मोठा भाग आईच्या हातातून गेला. मोडीची पावती वेगळी मागून घ्यावी आणि तिच्यावर वजन, शुद्धता आणि कापलेली घट लिहिलेली पाहावी. खर्चाच्या शीटमध्ये दोन ओळी कराव्यात: चेक वडिलांच्या नावे, मोड आईच्या नावे. नाहीतर आईचं देणं हिशेबातून कायमचं नाहीसं होतं, आणि पुढे धाकट्या मुलीच्या वेळी ‘थोरलीला किती घातलं’ हे विचारलं की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

किरकोळ खर्च आठवून लिहिता येत नाही, तो उलट्या बाजूने काढावा लागतो. लग्नासाठी बँकेतून रोख काढले २,४०,०००. वहीत नोंद असलेली रोख देणी २,०५,३००. शिल्लक पाकिटात ३,७००. मधले ३१,००० कुठे गेले याची यादी नव्हती, पण ते कुठे जातात हे माहीत असतं: वाढप्यांची आणि सनईवाल्यांची बक्षिसी, ओवाळणी, ऐन वेळी लागलेले नारळ आणि वेण्या, पाहुण्यांच्या रिक्षा, चहा-दूध, पेट्रोल. आहेराची पाकिटं फोडण्याआधी हा मेळ घालावा. एकदा का आहेरातल्या नोटांतून मंडपवाल्याची उरलेली बाकी दिली गेली की रोख काढलेली किती आणि आलेली किती, हे वेगळं करता येत नाही. या घरात काकांनी पेटीला कुलूप लावून किल्ली आजीकडे दिली होती, म्हणून हा मेळ बसला.

साखरपुडा, कपडे आणि मानपान, फोटो, पत्रिका, बस आणि खोल्या, हळद-मेंदी, गुरुजी, रुखवत आणि हे किरकोळ मिळून मुलीकडचा स्वतःचा खर्च ५,०५,५०० झाला. त्यात दागिन्याचे ३,४०,००० आणि सामायिकातला वाटा ३,३७,५६५ मिळवले की एकूण ११,८३,०६५. घराचा आहेर १,८३,५१४ वजा केला की ९,९९,५५१.

दुरुस्त्या एका ओळीत पाहायच्या तर अशा: ६,१४,७५१ मध्ये दोनदा मोजलेले व्याह्यांचे १,५०,००० परत आले, मोडीचे १,९५,००० आले, मुलीचे ७१,२०० आले, किरकोळचे ३१,००० आले, अनामतीपोटी १५,९०० आणि मोबाइलवरचे ४६,५०० कमी झाले.

आहेर म्हणजे उत्पन्न नव्हे

आता ९,९९,५५१ हे उत्तर खिशाचं आहे. आज घरातून किती गेलं, याचं. पण लग्न या घराला शेवटी कितीला पडलं हे त्यावरून कळत नाही, कारण आहेर हा देवघेवीचा व्यवहार आहे. यासाठी दुसरी वही लागते: आपण आजवर कोणाला किती आहेर केला, तिची. या घरी ती होती, थोरल्या मुलाच्या लग्नाच्या आधीपासून आजींनी ठेवलेली.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून घराच्या वाट्याच्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण केली. ज्यांच्याकडे आपण आधी दिलं होतं आणि त्यांनी आता परत केलं, त्यांच्यापुढे ‘फिटलं’: असे ९४,५०० निघाले. ज्यांच्याकडे पुढे लग्नं, मुंजी, वास्तुशांती व्हायच्या आहेत आणि आपण अजून काहीच दिलेलं नाही, त्यांच्यापुढे ‘देणं’: ६२,०००. आणि ज्यांना परत करण्याचा प्रसंग येण्याची शक्यता नाही, जसे वडिलांचे निवृत्त शिक्षक किंवा मुलंबाळं नसलेल्या मावशी, त्यांच्यापुढे ‘आशीर्वाद’: २७,०१४.

यातले ६२,००० आजच्या खर्चातून वजा करणं आम्हाला चूक वाटतं. ते उसने आहेत, फक्त परतीची तारीख ठरलेली नाही. ‘फिटलं’ची रक्कम मात्र वजा धरावी, कारण तिचा खर्च मागल्या वर्षांच्या घरखर्चात होऊन गेला आहे, आज आलेला पैसा आजचा भार खरोखर हलका करतो. म्हणून या लग्नाचा निव्वळ खर्च आम्ही ९,९९,५५१ अधिक ६२,०००, म्हणजे १०,६१,५५१ धरतो. कोणी म्हणेल ‘फिटलं’ही आपलाच जुना पैसा, तोही वजा करू नये. तसं धरलं तर आकडा ११,५६,०५१ होतो. दोन्हींपैकी कोणतंही धरा, पण घरातल्या पुढच्या लग्नालाही तेच धरा, म्हणजे दोन लग्नांची तुलना करता येईल.

‘देणं’चा आकडा नेमका नाही हेही ध्यानात ठेवावं. दहा-बारा वर्षांनी ५०१ ला ५०१ कोणी परत करत नाही. रीत थोडं वाढवून देण्याची आहे. त्यामुळे ६२,००० हा किमान आकडा आहे. वाढीचा अंदाज बांधून तो फुगवण्यात मात्र अर्थ नाही, कारण कोणाच्या घरी कार्य कधी निघेल हे आज ठरवता येत नाही.

व्याह्यांचा हिशेब राहिला होता. २,०२,५६५ मधून दीड लाख वजा जाऊन ५२,५६५ यायचे होते. रक्कम तोंडी मागण्याऐवजी मामांनी सामायिक खर्चाच्या ओळी, ताटांच्या मोजणीचा सही असलेला कागद आणि अनामत परत मिळाल्याची पावती असं सगळं व्याहीबुवांना पाठवलं आणि वर एवढंच लिहिलं, “आमच्या बाजूने असं दिसतंय. तुमच्याकडे एखादी पावती राहिली असेल तर सांगा, तीही धरू.” दोन दिवसांनी तिकडून सनईवाल्याची चार हजारांची पावती आली, ती खरंच सामायिक होती. शीटमध्ये मुलाकडच्यांनी दिलेल्या रकमेत ती चढवली. दोघांचेही वाटे दोन-दोन हजारांनी वाढले, त्यांच्याकडून यायचे ५०,५६५ राहिले आणि ते त्याच संध्याकाळी खात्यात जमा झाले. वधूपित्याने १०,६१,५५१ खोडून १०,६३,५५१ लिहिले आणि खाली तारीख टाकली.

‘देणं’ची खूण असलेल्या ओळी आईने वेगळ्या पानावर उतरवल्या. पहिली ओळ माघातल्या तिथीची होती: ४१, पाटील, सिडको, जुने शेजारी, मुलीचं लग्न, आपल्याला आलेले २,१००.